दोन आरसी टप्पे आणि एक स्विच: दोन टाइम कॉन्स्टंट एकत्र आले की व्होल्टेज कसं काढायचं

दहा व्होल्टचा सप्लाय घ्या. त्याला स्विच, स्विचपुढे १० किलोओहमचा R1, आणि R1 च्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १०० मायक्रोफॅरडचा C1. C1 च्या वरच्या टोकापासून पुढे आणखी एक १० किलोओहमचा R2, आणि त्याच्या टोकाला ग्राउंडपर्यंत १०० मायक्रोफॅरडचा C2. दोन्ही कपॅसिटर रिकामे आहेत. आता स्विच लावला. तीन सेकंदांनी C2 वर किती व्होल्ट असतील?

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानातून हे सगळं सामान किरकोळ पैशांत आणता येतं, आणि सर्किट ब्रेडबोर्डवर उभं करायला पाच मिनिटं पुरतात. पण उत्तर काढताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. दादरला संध्याकाळी मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो, तिथे हा प्रश्न फळ्यावर लिहिला की हिशोब साधारण असा येतो: १० किलोओहम गुणिले १०० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद. दोन्ही टप्प्यांचा टाइम कॉन्स्टंट १ सेकंद. तीन सेकंद म्हणजे तीन टाइम कॉन्स्टंट, म्हणजे C1 वर ९५ टक्के, साडेनऊ व्होल्ट. C2 जरा मागे असेल, तिथे आठेक व्होल्ट.

प्रत्यक्षात C1 वर ७.७० आणि C2 वर ६.२८ व्होल्ट येतात. हा फरक सामानाच्या दोषातून येत नाही. सगळे भाग अगदी अचूक किमतीचे असले तरी उत्तर हेच राहतं, कारण या सर्किटमध्ये १ सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट कुठेच नाही. इथे दोन टाइम कॉन्स्टंट आहेत खरे, पण ते २.६१८ सेकंद आणि ०.३८२ सेकंद आहेत. ते कुठून आले, आणि त्यांच्यावरून व्होल्टेज कसं काढायचं, ते पाहू.

वर्गात एका विद्यार्थिनीनं फार नेमका प्रश्न विचारला होता. "सर, R2 आणि C2 तर C1 च्या पुढे आहेत. पुढचा टप्पा मागच्याला कसा अडवेल?" गोंधळाचं मूळ इथेच आहे. RC हा टाइम कॉन्स्टंट आपण ज्या सर्किटवरून शिकतो, त्यात R मधून आलेला सगळा करंट C मध्येच जातो. त्याला दुसरी वाट नसते. इथे मात्र R1 मधून आलेल्या करंटला C1 च्या तोंडाशी दोन वाटा फुटतात. काही C1 मध्ये जातो, काही R2 मधून C2 कडे निघून जातो. R1 ला आता दोघांना पुरवायचं आहे.

इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून बारीक नळीनं एक पिंप भरत आहे असं समजा, आणि त्या पिंपाच्या तळातून तितक्याच बारीक नळीनं दुसरं पिंप जोडलं आहे. दुसरं पिंप पहिल्यातूनच पाणी ओढत राहतं, त्यामुळे पहिल्याची पातळी एकट्यानं चढली असती तितक्या वेगानं चढत नाही. आणि दुसऱ्याला पाणी मिळतं ते पहिल्यातल्या पातळीवर, गच्चीवरच्या टाकीच्या पातळीवर नाही. म्हणजे पहिलं रखडलं की दुसरंही रखडतं. एकाचा वेग दुसऱ्यात असा गुंतलेला असतो, म्हणून दोघांचं गणित वेगवेगळं मांडून चालत नाही.

आता समीकरणं. C1 चं व्होल्टेज v1, C2 चं v2. प्रत्येक नोडवर करंटचा हिशोब लिहिला, आणि RC = १ सेकंद असल्यामुळे सगळी वेळ सेकंदात मोजली, तर एवढंच उरतं:

```
dv1/dt = (10 - v1) - (v1 - v2)
dv2/dt = v1 - v2
```

पहिल्या ओळीतला पहिला कंस म्हणजे R1 मधून येणारा करंट, दुसरा म्हणजे R2 मधून निघून जाणारा. ही वजाबाकी विसरली की पाठ्यपुस्तकातलं एकटं RC सर्किट हाती लागतं आणि उत्तर चुकतं.

इथे एक युक्ती करायची. व्होल्टेज किती चढलं हे न पाहता, दहाला पोहोचायला किती कमी आहे ते पाहायचं. त्याला तूट म्हणू: d1 = 10 − v1 आणि d2 = 10 − v2. स्विच लावला त्या क्षणी दोन्ही तुटी १० असतात आणि शेवटी दोन्ही शून्याला जातात. समीकरणंही सुटसुटीत होतात, दहाचा आकडा मधून निघून जातो:

```
d1' = -2*d1 + d2
d2' =  d1 - d2
```

एकट्या RC मध्ये तूट e^(−t/RC) अशी घटते. इथे दोन तुटी आहेत. म्हणून असा विचार करायचा: दोन्ही तुटी एकाच वेगानं घटतील, असं त्यांचं एखादं गुणोत्तर असेल का? समजा d1 हे a·e^(−kt) आहे आणि d2 हे b·e^(−kt). वरच्या पहिल्या ओळीत घातलं की b = (2 − k)·a मिळतं. दुसऱ्या ओळीतून a = (1 − k)·b. दोन्ही एकाच वेळी खरं व्हायचं असेल तर:

```
(2 - k)(1 - k) = 1
k^2 - 3k + 1 = 0
k = 0.382  किंवा  k = 2.618
```

टाइम कॉन्स्टंट म्हणजे 1/k. म्हणून २.६१८ सेकंद आणि ०.३८२ सेकंद. (हे दोन आकडे एकमेकांचे व्यस्त निघाले, कारण आपण दोन्ही RC १ सेकंदाचे घेतले. किमती बदलल्या की हा योगायोग राहत नाही.)

या दोन वेगांचा अर्थ समजणं मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. k = 0.382 साठी b = 1.618·a येतं, म्हणजे दोन्ही तुटी एकाच चिन्हाच्या. दोन्ही कपॅसिटर सप्लायपेक्षा मागे आहेत, दुसरा जास्त मागे आहे, आणि दोघं मिळून हळूहळू वर सरकत आहेत. सप्लायमधून आत येणाऱ्या चार्जचा वेग म्हणजे हा संथ भाग. k = 2.618 साठी b = −0.618·a येतं. चिन्हं उलटी आहेत, म्हणजे या भागात एका कपॅसिटरचं व्होल्टेज जास्त आणि दुसऱ्याचं कमी असतं, आणि ते R2 मधून एकमेकांशी चार्जची देवाणघेवाण करून तो फरक मिटवतात. ही देवाणघेवाण लवकर उरकते, म्हणून हा भाग जलद.

कुणी विचारलं की २.६१८ सेकंद हा C1 चा टाइम कॉन्स्टंट की C2 चा, तर तो एकट्या कुणाचाच नाही. दोन्ही टाइम कॉन्स्टंट संपूर्ण सर्किटचे आहेत, आणि दोन्ही कपॅसिटरच्या व्होल्टेजमध्ये दोन्ही दिसतात. वेगळं असतं ते त्यांचं प्रमाण.

हे प्रमाण सुरुवातीच्या स्थितीवरून ठरतं. स्विच लावताना दोन्ही तुटी १० आहेत. संथ भागाचा d1 मधला वाटा a म्हटला आणि जलद भागाचा c, तर:

```
a + c = 10
1.618*a - 0.618*c = 10
```

यातून a = 7.236 आणि c = 2.764. d2 मध्ये संथ भाग ७.२३६ गुणिले १.६१८, म्हणजे ११.७०८ होतो, आणि जलद भाग उणे १.७०८. दहातून तुटी वजा केल्या की अंतिम उत्तर:

```
v1 = 10 - 7.236*e^(-0.382t) - 2.764*e^(-2.618t)
v2 = 10 - 11.708*e^(-0.382t) + 1.708*e^(-2.618t)
```

t = 3 घाला. e^(−1.146) हे ०.३१८ येतं, आणि e^(−7.854) इतकं लहान असतं की सोडून दिलं तरी चालतं. v1 = 7.70, v2 = 6.28. सुरुवातीच्या प्रश्नाचं हे उत्तर.

v2 च्या सूत्रात तो अधिक चिन्हाचा १.७०८ पाहून मुलं थबकतात. चार्ज होत असताना अधिक कुठून आलं? तो काढून टाकला तर t = 0 ला v2 उणे १.७०८ येईल, आणि ते शक्य नाही. स्विच लावल्याच्या पहिल्या क्षणी v1 शून्य असतं, त्यामुळे R2 च्या दोन्ही टोकांना शून्य व्होल्ट, R2 मधून करंट नाही, आणि v2 चा चढही शून्य. C2 चा आलेख म्हणूनच सपाट सुरू होतो आणि मग हळूहळू वळून वर जातो. जलद भागाचं काम हा सपाटपणा सांभाळणं आहे. सेकंदभरात तो जवळपास संपतो, आणि मग सगळा खेळ संथ भागाचा उरतो.

C1 चं उलट आहे. पहिल्या क्षणी सगळा १ मिलिअँपिअर करंट C1 मध्येच जातो, त्यामुळे त्याचा चढ एकट्या RC सारखाच, सेकंदाला १० व्होल्टच्या वेगानं सुरू होतो. v2 अजून खालीच असतं, म्हणून v1 जसजसं वर जातं तसतसा C2 कडचा ओढा वाढतो आणि v1 मंदावतं. पुढच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. "अलग" म्हणजे दोन टप्प्यांच्या मध्ये बफर लावून, पहिल्यावर दुसऱ्याचा भार पडू न देता येणारं उत्तर.

```
t (सेकंद)   v1     v2     v1 अलग   v2 अलग
0.5        3.28   0.79   3.93     0.90
1          4.86   2.13   6.32     2.64
2          6.61   4.56   8.65     5.94
3          7.70   6.28   9.50     8.01
```

दुसऱ्या कपॅसिटरला अंतिम व्होल्टेजच्या ६३ टक्क्यांवर पोहोचायला इथे ३.०३ सेकंद लागतात. बफर असता तर २.१५ सेकंद लागले असते.

आता किमती वेगळ्या असल्या तर काय करायचं? दर वेळी पहिल्यापासून समीकरणं मांडायची गरज नाही. कुठल्याही R1, C1, R2, C2 साठी दोन टाइम कॉन्स्टंटची बेरीज आणि गुणाकार थेट लिहिता येतात:

```
T1 + T2 = R1*C1 + R2*C2 + R1*C2
T1 * T2 = R1*C1 * R2*C2
```

बेरीज आणि गुणाकार माहीत असले की दोन संख्या शोधणं हे नववी-दहावीतलं वर्गसमीकरण. गुणाकारात नवं काही नाही, तो दोन साध्या RC चाच आहे. सगळी गंमत बेरजेतल्या तिसऱ्या पदात, R1*C2 मध्ये आहे. C2 भरणारा करंट R1 मधूनही जातो, याची ती किंमत. बेरीज लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: C1 ला सप्लायपर्यंत फक्त R1 लागतो, C2 ला R1 आणि R2 दोन्ही लागतात. म्हणून C1 गुणिले R1, अधिक C2 गुणिले (R1 + R2). आपल्या उदाहरणात १ + २ = ३ सेकंद. हीच बेरीज चिपमधल्या लांब तारांचा विलंब झटपट अंदाजायला वापरतात. तिला एल्मोर डिले म्हणतात, १९४८ मध्ये एल्मोर यांनी मांडलेल्या पद्धतीवरून. वर ६३ टक्क्यांसाठी ३.०३ सेकंद आले होते, त्यावरून हा अंदाज किती कामाचा आहे ते दिसतं.

तिसरं पद किती मोठं आहे, यावर सगळं अवलंबून असतं. R1 आणि C1 तसेच ठेवा. दुसऱ्या टप्प्याचा RC १ सेकंदच राहील, पण R2 आणि C2 वेगळे असतील, अशा तीन जोड्या पाहा:

```
R2 = 100k, C2 = 10 uF     T: 1.37 s   आणि 0.73 s
R2 = 10k,  C2 = 100 uF    T: 2.62 s   आणि 0.38 s
R2 = 1k,   C2 = 1000 uF   T: 11.9 s   आणि 0.084 s
```

कागदावर तिन्हीत "१ सेकंद आणि १ सेकंद" लिहिलेलं आहे, आणि वागणूक मात्र पूर्ण वेगळी. पहिल्या जोडीत दुसरा टप्पा फारच थोडा करंट मागतो, त्यामुळे टप्पे जवळजवळ अलग असल्यासारखे वागतात. तिसऱ्या जोडीत दुसरा कपॅसिटर दहापट मोठा आहे आणि मधला रेझिस्टर लहान, म्हणून दोन्ही कपॅसिटर जवळजवळ एकच ११०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असल्यासारखे R1 मधून भरतात. १० किलोओहम गुणिले ११०० मायक्रोफॅरड म्हणजे ११ सेकंद, आणि खरं उत्तर ११.९. दोन फिल्टर एकापाठोपाठ लावताना दुसऱ्याचा रेझिस्टर दहापट मोठा ठेवा असं सांगतात, ते पहिल्या जोडीसाठी.

आता स्विच परत हलवू. तीन सेकंदांनी तो सप्लायवरून काढून थेट ग्राउंडला जोडला, म्हणजे R1 चं डावं टोक आता शून्यावर आलं. इथे एकच नियम हाताशी धरायचा: कपॅसिटरचं व्होल्टेज क्षणात उडी मारत नाही. म्हणून नव्या टप्प्याची सुरुवात v1 = 7.70 आणि v2 = 6.28 पासून होते. घड्याळ पुन्हा शून्यावर आणा. शेवटचं व्होल्टेज आता शून्य आहे, म्हणून तुटीऐवजी v1 आणि v2 स्वतःच त्या दोन भागांत विभागायचे. सर्किट तेच आहे, त्यामुळे टाइम कॉन्स्टंट तेच आणि गुणोत्तरंही तीच:

```
a + c = 7.70
1.618*a - 0.618*c = 6.28
v1 = 4.94*e^(-0.382t) + 2.76*e^(-2.618t)
v2 = 7.99*e^(-0.382t) - 1.71*e^(-2.618t)
```

इथे एक गोष्ट जरूर पाहण्यासारखी आहे. स्विच ग्राउंडला जोडूनही C2 चं व्होल्टेज लगेच उतरत नाही. आधी थोडं चढतं. ६.२८ वरून साधारण ०.१७ सेकंदांत ६.३९ पर्यंत जातं आणि मग उतरायला लागतं. कारण साधं आहे: त्या क्षणी v1 अजून v2 पेक्षा १.४२ व्होल्टनं वर आहे, म्हणून R2 मधून करंट अजूनही C2 कडेच वाहतो. v1 झपाट्यानं खाली येऊन v2 ला भेटतं, तिथे C2 चा चढ थांबतो. त्यानंतर v2 वर आणि v1 खाली अशी अदलाबदल होते, आणि C2 स्वतःचा चार्ज R2, R1 मधून ग्राउंडला सोडू लागतो. तीन सेकंदांनी v1 सुमारे १.५७ आणि v2 सुमारे २.५४ व्होल्टवर असतं. परीक्षेत "स्विच बदलल्यावर दोन्ही व्होल्टेज उतरतील" असं न तपासता लिहून टाकणाऱ्यांचे गुण इथे जातात.

ग्राउंडला न जोडता स्विच नुसता उघडला, तर मात्र सर्किटच बदलतं. R1 मधून आता करंटच नाही, म्हणून बाहेर जायला चार्जला वाट उरत नाही. फक्त देवाणघेवाण शिल्लक राहते. दोन्ही कपॅसिटर सारखे असल्यामुळे दोघं सरासरीवर, ६.९९ व्होल्टवर येऊन थांबतात. टाइम कॉन्स्टंट एकच राहतो: R2 गुणिले दोन्ही कपॅसिटरची सिरीजमधली किंमत, म्हणजे १० किलोओहम गुणिले ५० मायक्रोफॅरड, अर्धा सेकंद. संथ भागाचा टाइम कॉन्स्टंट इथे अनंत झाला असंही म्हणता येईल. म्हणून स्विचच्या प्रत्येक स्थितीसाठी सर्किट नव्यानं काढून पाहायची सवय ठेवा. जुनी व्होल्टेज पुढे न्यायची असतात, जुने टाइम कॉन्स्टंट नव्हे.

हे प्रत्यक्ष मोजायचं तर ऑसिलोस्कोपची गरज नाही, वेळ सेकंदांत आहे. दोन डिजिटल मल्टिमीटर, एक C1 वर आणि एक C2 वर लावा. शेजारी घड्याळ म्हणून दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा, आणि तिन्ही एका चौकटीत येतील असा व्हिडिओ काढा. नंतर एकेक फ्रेम थांबवून आकडे वाचा. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे ०.१७ सेकंदाचा तो छोटा चढ मीटरवर निसटू शकतो. तो पाहायचा असेल तर दोन्ही कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचे घ्या, म्हणजे सगळं ४.७ पट संथ होईल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं उणे टोक ग्राउंडकडेच ठेवा.

मोजलेले आकडे सूत्राशी जुळले नाहीत तर सर्वांत आधी कपॅसिटरवर संशय घ्या. इलेक्ट्रोलिटिकवर बहुधा २० टक्के टॉलरन्स असतो, म्हणजे १०० लिहिलेला ८० निघाला तरी तो नियमात बसतो. सर्किट जोडण्याआधी प्रत्येक कपॅसिटर एकट्या १० किलोओहममधून भरून ६.३२ व्होल्टला किती वेळ लागतो ते पाहा. त्या वेळेला १० किलोओहमनं भागलं की त्याची खरी किंमत मिळते. ती बेरीज-गुणाकाराच्या सूत्रात घाला.

दुसरा संशय गळतीचा. इलेक्ट्रोलिटिकमधून भरल्यावरही थोडा करंट गळत राहतो. समजा प्रत्येकातून १० मायक्रोअँपिअर गळतो. मग R1 मधून कायम २० मायक्रोअँपिअर वाहत राहणार, म्हणून v1 दहाच्या ०.२ व्होल्ट खाली थांबेल आणि v2 ०.३ व्होल्ट खाली. ओळखायची खूण अशी: मिनिटभर थांबूनही दोन्ही मीटर दहावर येत नाहीत, आणि C2 वरचा मीटर C1 पेक्षा कमी दाखवत राहतो. अशा वेळी तूट मोजताना दहातून वजाबाकी करू नका. त्या कपॅसिटरचं शेवटचं स्थिर व्होल्टेज घेऊन त्यातून करा.

टाइम कॉन्स्टंट मोजलेल्या आकड्यांतून काढायचा असेल तर सेमीलॉग कागदावर v2 ची तूट वेळेसमोर मांडा. पहिल्या सेकंदापर्यंत रेषा वाकलेली दिसेल, कारण तोवर दोन्ही भाग चालू असतात. त्यानंतर सरळ होईल, आणि त्या सरळ भागाच्या उतारावरून २.६२ सेकंद मिळेल. ती सरळ रेषा मागे t = 0 पर्यंत वाढवली तर ती १० ला न मिळता ११.७ ला मिळते. एकाच टाइम कॉन्स्टंटचं सर्किट असतं तर ती बरोबर दहालाच मिळाली असती. दुसरा भाग किती मोठा होता, हे या एका बिंदूवरून कळतं: रेषेनं दाखवलेली तूट आणि प्रत्यक्षातली तूट यांतला प्रत्येक क्षणाचा फरक हाच जलद भाग. तो वेगळा मांडला की त्याच्या उतारावरून ०.३८ सेकंदही मिळतो. फक्त सुरुवातीच्या अर्ध्या सेकंदात पुरेसे आकडे हवेत, म्हणून इथेही मोठा कपॅसिटर सोयीचा.

एक गोष्ट मात्र या सर्किटमध्ये कधीच होणार नाही. किमती कुठल्याही घेतल्या तरी वर्गसमीकरणाची दोन उत्तरं नेहमी वास्तव आणि वेगवेगळी येतात, कारण R1*C2 हे पद बेरीज वाढवतं आणि गुणाकाराला हात लावत नाही. म्हणून व्होल्टेज सप्लायच्या वर जाऊन परत येणं, वरखाली झुलणं, असलं काही फक्त रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या या साखळीत घडत नाही. रिकाम्यापासून भरताना v2 कधी v1 च्या पुढेही जात नाही. मीटरवर तसं काही दिसलं तर गणित तपासत बसू नका. कपॅसिटर आधीपासून पूर्ण रिकामे होते का, दोन्ही मीटरचे प्रोब अदलाबदल झाले नाहीत ना, आणि ब्रेडबोर्डवर R2 चा पाय चुकून सप्लायच्या ओळीत तर गेला नाही ना, हे आधी पाहा.